मोटर बंद, पडद्यावर मात्र PUMP ON

आदरणीय सर,


परवा लॅबमध्ये मी तुम्हाला अडवून आमच्या प्रोजेक्टचं रडगाणं सांगायला लागले, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘तोंडी नको. काय होतं, कधी होतं आणि आतापर्यंत काय करून पाहिलं, ते लिहून आण.’ म्हणून हे पत्र. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की ‘एलसीडी मध्येच बिघडतो’ हे आमचं वाक्य तक्रार म्हणून ठीक होतं, पण त्यावरून कुणालाच काही शोधता आलं नसतं. तेव्हा नीट सांगते.

प्रोजेक्ट तुम्हाला ठाऊक आहे. टाकीवर अल्ट्रासॉनिक सेन्सर, मध्ये अर्डुइनो युनो, पाच व्होल्टचं एक रिले मॉड्यूल, त्यावर अर्ध्या हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर आणि समोर दोन ओळींचा, सोळा घरांचा एलसीडी. प्रोग्रॅम दर सेकंदाला खालच्या ओळीत मोटर चालू की बंद ते लिहितो, मग वरच्या ओळीत पाण्याची पातळी टक्क्यांत लिहितो आणि शेवटी रिलेबद्दल निर्णय घेतो. पातळी ९० झाली की मोटर बंद, ४० च्या खाली गेली की चालू. एवढंच काम.

दोष असा आहे. पातळी ९० होते, रिले टक् करून सुटतो, मोटर थांबते. सगळं बरोबर. पण एलसीडीच्या वरच्या ओळीत ‘LEVEL 90’ च्या उजवीकडे, जिथे काहीच नसायला हवं, तिथे विचित्र चिन्हं उमटतात. खालच्या ओळीत ‘PUMP ON’ तसंच राहतं. त्यानंतर पडदा गोठतो. पाणी कमी झालं, मोटर पुन्हा सुरू झाली, तरी पडद्यावर तेच. क्वचित पडदा पूर्ण कोरा होतो. हे दर वेळी होत नाही. मोटर चार-पाच वेळा व्यवस्थित बंद होते आणि मग एकदा हे घडतं. मोटर चालू होताना मात्र फार क्वचित. रीसेटचं बटण दाबलं की सगळं पुन्हा ठीक.

सगळ्यांनी आधी प्रोग्रॅमवर बोट ठेवलं. आम्हीही. तेव्हा पहिला प्रश्न हा होता की कंट्रोलर स्वतःच अडकतो किंवा रीसेट होतो का? त्यासाठी प्रोग्रॅमच्या सुरुवातीला सीरियलवर ‘START’ छापलं आणि पुढे दर सेकंदाला एक वाढता आकडा. इथे एका गोष्टीनं आम्हाला बराच काळ चकवलं. पडदा बिघडला की आम्ही लॅपटॉप जोडून सीरियल मॉनिटर उघडायचो आणि उघडल्या क्षणी पडदा ठीक व्हायचा! बघायला गेलं की दोष गायब. कारण साधं आहे. युनोवर सीरियल मॉनिटर उघडला की बोर्ड आपोआप रीसेट होतो, प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो आणि एलसीडीही नव्यानं सुरू होतो. म्हणून मॉनिटर आधीच उघडून ठेवला, लॅपटॉपचा चार्जर काढला आणि वाट पाहिली. पडदा बिघडला तेव्हा आकडा एकही न चुकता वाढत होता आणि ‘START’ दुसऱ्यांदा आलं नाही. म्हणजे कंट्रोलर शाबूत आहे. बिघडतो तो फक्त पडदा.

दुसरा प्रश्न रिलेचा. मोटरचा प्लग काढून ठेवला आणि नुसता रिले दर तीन सेकंदांनी चालू-बंद होईल असं केलं. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तो टकटकत राहिला, पडद्याला काहीही झालं नाही. रिलेच्या कॉइलमधूनही झटका येतो, त्यासाठी तिच्यावर उलटा डायोड लागतो, असं तुम्ही शिकवलं होतं. मॉड्यूलवर तो आहेच, आणि या चाचणीवरून तो आपलं काम करतो असं दिसतं.

मग रिलेच्या खोक्यावर जो तीन पिनांचा सॉकेट आहे, त्यात मोटरऐवजी इलेक्ट्रिकल लॅबमधला शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब लावला. प्रोग्रॅम तोच, रिले तोच, २३० व्होल्ट तेच. दोष नाही. बल्ब काढून मोटर लावली की दोष परत. या दोन चाचण्यांनी आमचा सगळा रोख बदलला. प्रोग्रॅममध्ये चूक असती तर रिलेपलीकडे काय जोडलंय हे त्याला कळायचं कारण नव्हतं.

बल्ब आणि मोटर यांत फरक आहे तो गुंडाळीचा. मोटरच्या गुंडाळीत वाहता प्रवाह एकदम तोडला, तर तो तुटायला तयार नसतो. सुटणाऱ्या संपर्कांमधल्या फटीत व्होल्टेज उसळतं, ठिणगी पडते, विझते, फट अजून अरुंद असली तर पुन्हा पडते. एवढ्याशा वेळात ठिणग्यांची मालिकाच होते आणि आजूबाजूच्या प्रत्येक तारेत तिचे धक्के बसतात. मॉड्यूलवरच्या रिलेला पारदर्शक झाकण नाही, पण खोली अंधारी केल्यावर बाजूच्या फटीतून निळसर चमक दिसते. बल्बच्या वेळी ती आम्हाला दिसली नाही.

‘कधी होतं, कधी नाही’ याचं कोडंही इथेच सुटतं असं वाटतं. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात प्रवाह दर दहा मिलिसेकंदांनी शून्यातून जातो. रिले कोणत्या क्षणी सुटेल हे मात्र प्रोग्रॅम ठरवतो, आणि त्याला लाटेची काहीच कल्पना नाही. शून्याच्या आसपास सुटला तर तोडायला प्रवाहच नसतो, ठिणगी नाही. लाटेच्या शिखरावर सुटला तर मोठी ठिणगी. आम्ही ज्याला बेभरवशाचा दोष म्हणत होतो, तो असा दर वेळी फासा टाकल्यासारखा वागणारच होता.

तिसरा संशय वीजपुरवठ्याचा. मोटर बंद होताना पाच व्होल्ट खाली येतात का, हे मल्टिमीटरवर पाहिलं. तो ५.० वरून हलला नाही. पण मल्टिमीटर सेकंदातून दोन-तीनदाच वाचन दाखवतो, मायक्रोसेकंदांत होऊन गेलेलं त्याला दिसणारच नाही, म्हणून हा पुरावा आम्ही धरत नाही. त्याऐवजी एलसीडीच्या पायांशी ४७० मायक्रोफॅरडचा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा असे दोन कपॅसिटर लावले. रिलेच्या कॉइलला वेगळा अडॅप्टर दिला आणि दोन्ही पुरवठे अलग केले. दोष थोडा विरळ झाला, पण गेला नाही. शेवटी अडॅप्टरच काढून युनो आणि एलसीडी पॉवर बँकवर चालवले. तरीही दोष आला. म्हणजे निदान तो सगळा अडॅप्टरच्या वाटेनं येत नाही.

चौथा संशय तारांवर. एलसीडीकडे जाणाऱ्या जंपर तारा फूटभर लांब होत्या आणि दिसायला नीट म्हणून मोटरच्या वायरीबरोबर एकाच टायनं बांधल्या होत्या. त्या सोडवल्या, आखूड केल्या, मोटरची वायर खोक्याच्या दुसऱ्या बाजूनं नेली. या एका बदलानं जेवढा फरक पडला तेवढा बाकी कशानंच पडला नाही. पण पूर्ण दोष यानंही गेला नाही.

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे तो पुरावा सांगते. पडदा बिघडल्यावर आम्ही मोबाइलवर फोटो काढत होतो. फोटो शेजारी ठेवल्यावर दिसलं की बऱ्याच वेळा तीच चिन्हं त्याच घरांत येतात. ‘LEVEL 90’ नंतर दोन वेड्यावाकड्या आकृत्या, मग इंग्रजी T, मग एक जपानी अक्षर, पुन्हा दोन आकृत्या, मग ओहमचं Ω आणि शेवटी d. निव्वळ कचरा असता तर तो दर वेळी वेगळा असता. हा कचरा ठरावीक आहे, म्हणजे त्यामागे काही हिशोब असला पाहिजे.

जपानी अक्षराचं नवल वाटायला नको. या एलसीडींवर हिताची कंपनीची HD44780 ही चिप किंवा तिची नक्कल असते आणि तिच्या नेहमीच्या अक्षरसंचात जपानी काताकाना लिपी आहे. प्रश्न एवढाच होता की आम्ही ‘PUMP OFF’ पाठवत असताना ती लिपी बाहेर का यावी.

पिना वाचवण्यासाठी आपण एलसीडी चार तारांवर चालवतो. त्यामुळे प्रत्येक अक्षराचा बाइट दोन अर्ध्या भागांत जातो, आधी वरचा अर्धा, मग खालचा. प्रत्येक अर्ध्या भागाबरोबर इनेबल या तारेवर एक ठोका द्यायचा. चिपला बाकी काही कळत नाही. ती फक्त ठोके मोजते आणि दोन-दोन अर्ध्यांची जोडी लावते. आता समजा ठिणगीच्या धक्क्यानं इनेबलवर एक खोटा ठोका पडला. चिपनं एक अर्धा भाग फुकटचा घेतला आणि तिथून पुढची प्रत्येक जोडी चुकली. सदऱ्याचं वरचं एक बटण चुकीच्या काजात गेलं की खालची सगळी चुकत जातात, तसं.

आम्ही हे कागदावर करून पाहिलं. मोटर बंद होण्याआधी शेवटचं लिहिलेलं अक्षर म्हणजे ‘LEVEL 90’ मधला शून्य. त्याचा बाइट 30, त्याचा खालचा अर्धा 0. म्हणजे धक्का बसला तेव्हा डेटाच्या तारांवर 0 होता, आणि फुकट गेलेला अर्धा भागही 0. त्यानंतरच्या सेकंदाला प्रोग्रॅमनं कर्सर खालच्या ओळीत न्यायची आज्ञा (C0) आणि ‘PUMP OFF’ पाठवलं. आता सुरुवातीला तो एक 0 जोडून सगळ्या जोड्या नव्यानं लावायच्या:

```
पाठवलं :    C0 50 55 4D 50 20 4F 46 46
चिपनं घेतलं : 0C 05 05 54 D5 02 04 F4 64  (6 उरला)
```

चिपच्या तक्त्यात 54 म्हणजे T, D5 म्हणजे जपानी ‘यु’, F4 म्हणजे Ω आणि 64 म्हणजे d. 05, 02 आणि 04 या जागा आपण स्वतः आखायच्या चिन्हांसाठी असतात. आम्ही त्या भरलेल्या नाहीत, म्हणून तिथे वेड्यावाकड्या आकृत्या. फोटोत आहे तो क्रम नेमका हाच.

जागेचंही उत्तर यातच आहे. C0 ही कर्सर हलवायची आज्ञा पोचलीच नाही. तिच्याऐवजी 0C पोचली, जिचा अर्थ ‘पडदा चालू ठेव’, म्हणजे तिनं काहीच बदललं नाही. कर्सर ‘LEVEL 90’ च्या पुढेच होता, म्हणून कचरा तिथे उमटला आणि खालची ओळ ‘PUMP ON’ वर अडकून राहिली. पुढे उरलेला 6 नंतरच्या 80 या आज्ञेतल्या 8 ला चिकटून 68 झाला. चिपच्या भाषेत ती आज्ञा ‘यापुढचं सगळं त्या आखायच्या चिन्हांच्या जागेत लिही’ अशी आहे. तिथून पुढे आमचं सगळं लिखाण पडद्याऐवजी त्या जागेत जात राहिलं, म्हणून पडदा गोठला. कोरा पडदाही याच कुळातला असावा. अर्धा भाग वेगळ्या ठिकाणी सरकून 08 अशी आज्ञा तयार झाली, तर तिचा अर्थ ‘पडदा बंद कर’ असा होतो.

या हिशोबावरून एवढं ठामपणे म्हणता येतं की दोष एका अर्ध्या बाइटच्या सरकण्याचा आहे आणि तो मोटरचा प्रवाह तुटण्याच्या क्षणी होतो. ठोका इनेबलच्या तारेवरच पडतो हे मात्र अनुमान आहे. ते अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

एक उपाय आम्ही करून पाहिला आणि तो चालतो. प्रोग्रॅममध्ये दर पाच सेकंदांनी `lcd.begin(16, 2)` ही ओळ पुन्हा चालवली. या आज्ञेत चिपला सुरुवातीला काही ठरावीक संकेत ओळीनं दिले जातात. ती कुठल्याही अर्धवट अवस्थेत असली तरी त्यांनी जोड्या पुन्हा जुळतात. पडदा क्षणभर लुकलुकतो, पण कचरा टिकत नाही. माझी पार्टनर म्हणते, सबमिशनला हे पुरे आहे. मला ते पटत नाही. जो धक्का एलसीडीच्या तारेत शिरतो, तो सेन्सरच्या तारेतही शिरू शकतो. पातळीचं एखादं वाचन चुकलं तर मोटर भलत्या वेळी चालू होईल, आणि ते `lcd.begin` नं सुधारणार नाही. पडदा पुसून काढला म्हणजे ठिणगी थांबली असं नाही. ही ओळ आम्ही ठेवणार आहोत, पण मूळ कारण हटवल्यावर, जादा काळजी म्हणून.

मूळ कारणावरचा उपाय म्हणजे स्नबर. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापाठोपाठ जोडून बसवायचे, म्हणजे तुटलेल्या प्रवाहाला ठिणगीऐवजी दुसरी वाट मिळते आणि व्होल्टेज सावकाश चढतं. तो कुठे बसवायचा यावर मात्र आमचं एकमत नाही. बऱ्याच आकृत्यांत तो रिलेच्या संपर्कांवर दाखवतात. पण तिथे बसवला तर रिले सुटलेला असतानाही कपॅसिटरमधून थोडा प्रवाह मोटरकडे जात राहतो. ५० हर्ट्झला ०.१ मायक्रोफॅरडचा अडथळा सुमारे ३२ हजार ओहम येतो, म्हणजे २३० व्होल्टला ७ मिलिअँपियरच्या आसपास. मोटर त्यानं फिरणार नाही, पण ‘बंद’ मोटरच्या टर्मिनलला हात लावणाऱ्याला झटका बसेल. म्हणून माझं मत आहे की स्नबर मोटरच्या दोन टोकांमध्ये लावावा. रिले सुटल्यावर तिथे पुरवठाच नसतो. पार्टनरचं म्हणणं आहे की ठिणगी संपर्कांवर पडते, तेव्हा औषधही तिथेच हवं. मोटरपर्यंतची वायर लांब असल्यानं तिच्या म्हणण्यातही तथ्य आहे. तुम्ही निवाडा द्या.

कपॅसिटर मात्र एक्स-टू प्रकारचा, २७५ व्होल्ट एसीचाच हवा, हे आम्ही पाहून ठेवलंय. ०.१ मायक्रोफॅरडच्या साध्या सिरॅमिक चकतीवरही ‘१०४’ हाच आकडा असतो. आपल्या कंपोनंट ड्रॉवरमधल्या चकत्या ५० व्होल्टच्या आहेत. २३० व्होल्टवर त्या फुटतील. एक्स-टू चा चौकोनी डबीसारखा कपॅसिटर आम्ही विकत आणलाय, रेझिस्टर एक वॅटचा घेतलाय. अजून बसवलेलं काहीच नाही. २३० व्होल्टच्या खोक्याचं झाकण तुमच्याशिवाय उघडायचं नाही हा नियम आम्ही पाळलाय.

आणखी एक शंका आहे, तीही इथेच मांडते. या छोट्या रिलेवर १० अँपियर लिहिलंय, पण तो आकडा बल्ब-हीटरसारख्या भारासाठी असतो. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह घेते. आज हा रिले चालतोय, पण संपर्क एकदा चिकटले तर प्रोग्रॅमनं बंद म्हटलं तरी मोटर चालूच राहील. रिलेनं कॉन्टॅक्टर चालवावा आणि कॉन्टॅक्टरनं मोटर, असं करायचं का? तसं केलं तरी कॉन्टॅक्टरची कॉइल ही पुन्हा गुंडाळीच आहे, तेव्हा तिच्यावरही स्नबर लागेल असं मला वाटतं.

सर, तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली म्हणजे प्रॅक्टिकल संपल्यावर तासभर डीएसओ. प्रोब फक्त पाच व्होल्टच्या बाजूला, युनोच्या ११ नंबरच्या पिनवर लावू, कारण इनेबल तिथे आहे. २३० व्होल्टच्या बाजूला प्रोब लावणार नाही, त्याची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते हे लक्षात आहे. सिंगल शॉटवर, दीड व्होल्टला ट्रिगर ठेवून मोटर बंद करू. प्रोब स्वतःही हवेतून धक्के पकडतो. म्हणून आधी त्याचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला लावून मोटर बंद करू आणि तेव्हा किती दिसतं ते नोंदवू. पिनवर त्याहून ठळक काही दिसलं तरच ते खरं मानू.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच बैठकीत तुमच्यासमोर खोकं उघडून स्नबर बसवायचा आणि त्याच मोटरवर, त्याच तारांसह, आधीसारखीच चाचणी घ्यायची. तेव्हा `lcd.begin` ची ओळ काढून ठेवू, नाहीतर दोष गेला की झाकला गेला हे कळणार नाही. आखूड केलेल्या तारासुद्धा त्या वेळेपुरत्या पुन्हा लांब करू, म्हणजे फरक पडला तर तो स्नबरमुळेच पडला असं म्हणता येईल.

फोटो, सीरियलची नोंद आणि जोड्यांचा कागद या पत्रासोबत जोडलाय. कागदावरचा हिशोब एकदा तुम्हीही तपासा. तो चुकीचा असेल तर आमचा सगळा तर्क पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल. तुम्हाला सोयीचा दिवस कळवावा ही विनंती.

तुमची विद्यार्थिनी,
ईएनटीसी, तृतीय वर्ष